आठ अंकी हेक्स रंग: अल्फा आधी की शेवटी? एकच यादी, अ‍ॅपमध्ये बरोबर आणि वेबवर चुकीची

केतकी_व

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या पुस्तकसूचीचे अँड्रॉइड अ‍ॅप काही वर्षांपासून चालू आहे. विभागवार रंग सर्व्हरवरच्या एका जेसन फाइलमधून येतात, म्हणजे रंग बदलायचा झाला तर अ‍ॅपची नवी आवृत्ती काढावी लागत नाही. आता त्याच सूचीची वेब आवृत्ती मी तयार करत आहे आणि तीच फाइल वापरून सीएसएसमध्ये रंग भरत आहे. नमुन्यादाखल काही ओळी देते:

```json
"divider": "#1F000000",
"chip":    "#FF336699",
"overlay": "#80FFFFFF",
"badge":   "#FF0000FF",
"title":   "#336699"
```

अ‍ॅपमध्ये सगळे ठीक दिसते. वेबवर मात्र ओळींमधली बारा टक्के काळी फिकट रेघ अजिबात दिसत नाही, विभागाच्या निळ्या चकत्या गुलाबी दिसतात, चित्रावरचा अर्धपारदर्शक पांढरा पडदा फिकट आकाशी रंगाचा होऊन चित्र पूर्ण झाकतो आणि निळा बिल्ला लालभडक होतो. शीर्षकाचा रंग तेवढा बरोबर आहे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकही त्रुटी नाही. एकाच फाइलमधल्या पाच रंगांची पाच तऱ्हा का होते?

प्रज्ञेश_नवखा

ताई, पारदर्शकतेचे टक्के हेक्समध्ये चुकीचे बदलले गेले असावेत असे वाटते. पन्नास टक्के म्हणजे `80` लिहायचे, `50` नव्हे. आमच्याकडे एकाने ऐंशी टक्क्यांसाठी `80` लिहिले होते आणि सगळे फारच फिकट दिसत होते. ऐंशी टक्क्यांसाठी `CC` लागते. तुमचे बारा टक्के कितीला बसतात ते एकदा पाहा.

सह्यकडा

प्रज्ञेश, टक्क्यांचा हिशोब येथे बरोबर आहे. बारा टक्के म्हणजे 255 पैकी 30.6, ते 31 धरले की `1F` येते आणि रेघेच्या रंगात तेच लिहिलेले आहे. अडचण ती जोडी कोठे लिहिली आहे याची आहे.

अँड्रॉइडच्या रिसोर्स फाइलमध्ये आणि `Color.parseColor` मध्ये आठ अंकांचा क्रम `#AARRGGBB` असा असतो. सीएसएसमध्ये तो `#RRGGBBAA` असा असतो. दोन्हीकडे आठ अंक, दोन्हीकडे तेच चिन्ह, आणि कोणतेही आठ हेक्स अंक दोन्ही पद्धतींनी वैध ठरतात. त्यामुळे चुकीचे वाचन झाले तरी कोणतीही यंत्रणा तक्रार करत नाही आणि कन्सोल शांत राहतो.

केतकीताई, आता तुमच्या ओळी ब्राउझरच्या नजरेने वाचू. `#1F000000` मध्ये त्याला लाल `1F`, हिरवा `00`, निळा `00` आणि शेवटी अल्फा `00` दिसतो. रंग जवळजवळ काळा आहे, पण पूर्ण पारदर्शक आहे, म्हणून रेघ गायब होते. `#FF336699` मध्ये लाल `FF`, हिरवा `33`, निळा `66` आणि अल्फा `99`, म्हणजे बरोबर साठ टक्के. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो `#FF85A3` सारखा दिसतो. तुमच्या गुलाबी चकत्या त्या ह्याच. `#80FFFFFF` मध्ये अर्ध्यावर आलेला लाल, पूर्ण हिरवा, पूर्ण निळा आणि अल्फा `FF`, म्हणून पडदा फिकट आकाशी आणि ठार अपारदर्शक होतो. `#FF0000FF` हा अँड्रॉइडसाठी अपारदर्शक निळा आहे आणि ब्राउझरसाठी अपारदर्शक लाल. शीर्षकात सहाच अंक आहेत, तेथे दोन्ही पद्धतींचे एकमत आहे.

उलट दिशेची लक्षणेही ओळखता आलेली बरी. सीएसएससाठी लिहिलेला अर्धपारदर्शक पांढरा `#FFFFFF80` अँड्रॉइडला दिला, तर पडद्याऐवजी फिकट पिवळा रंग येतो आणि तोही अपारदर्शक असतो. पांढऱ्या पडद्याच्या जागी आकाशी दिसले तर अँड्रॉइडचा क्रम वेबवर आला आहे, पिवळे दिसले तर वेबचा क्रम अँड्रॉइडमध्ये गेला आहे. काळ्या रंगाच्या बाबतीत दोन्ही दिशांना काहीच दिसत नाही, त्यामुळे काळा रंग निदानासाठी निरुपयोगी आहे.

जुना_संगणकी

यात एवढे लिहिण्यासारखे काय आहे? सीएसएसचा क्रम हाच प्रमाण क्रम आहे, अँड्रॉइडने आपला सवतासुभा मांडला आहे. पहिले दोन अंक उचलून शेवटी ठेवा की झाले. एका ओळीचे काम आहे:

```js
const toCss = s => '#' + s.slice(3) + s.slice(1, 3);
```

सगळ्या यादीवर हे फिरवा. उलट जायचे असेल तेव्हा पुन्हा हेच चालवा.

सह्यकडा

ओळ बरोबर आहे, पण तिच्याभोवतीची तीनही विधाने मला पटत नाहीत.

पहिले, अल्फा आधी लिहिणारी अँड्रॉइड ही एकटीच व्यवस्था नाही. मायक्रोसॉफ्टच्या झॅमलमध्ये हाच क्रम आहे, क्यूटीच्या आठ अंकी रंगनावांतही हाच आहे आणि फ्लटरचा `Color(0xFF336699)` सुद्धा असाच वाचला जातो. सवतासुभा म्हणायचे तर त्यात बरीच मोठी घराणी आहेत.

दुसरे, सगळ्या यादीवर ही ओळ फिरवली तर सहा अंकी रंग बिघडतील. `#336699` ला ती लावून पाहा, `#669933` मिळते. तो पूर्णपणे वैध हिरवा रंग आहे, त्यामुळे आत्ता जी एकमेव गोष्ट बरोबर दिसते आहे ती बिघडेल, आणि तीही कोणतीही त्रुटी न देता. चिन्ह धरून लांबी नऊ अक्षरे असेल तरच, म्हणजे आठ अंक असतील तरच, जोडी हलवायची.

तिसरे, ही अदलाबदल नाही, हे चक्राकार सरकवणे आहे. तीच क्रिया पुन्हा केल्याने मूळ रंग परत येत नाही. चार जोड्या असल्यामुळे चार वेळा केल्यावरच तो परत येतो. उलट जाण्यासाठी शेवटची जोडी पुढे आणावी लागते:

```js
const toAndroid = s => '#' + s.slice(7) + s.slice(1, 7);
```

याचा व्यावहारिक परिणाम असा की सर्व्हरवर एकाने रूपांतर केले आणि वेबच्या कोडमध्ये दुसऱ्याने पुन्हा केले, तर `#FF336699` आधी `#336699FF` होतो आणि मग `#6699FF33`. शेवटचा रंग निळाच आहे, पण वीस टक्के अल्फाचा, म्हणजे पांढऱ्यावर `#E0EBFF` इतका पुसट. चकत्या गुलाबी दिसल्या तर रूपांतर झालेले नाही आणि धुवून निघाल्यासारख्या निळसर दिसल्या तर एकदा जास्त झाले आहे, एवढे लक्षात ठेवले की कोड न उघडताही चूक कोणत्या बाजूला आहे ते कळते.

जुना_संगणकी

लांबी तपासण्याचा मुद्दा मान्य. तरीही वेबवर सीएसएसचेच प्रमाण मानावे लागते, या मतावर मी ठाम आहे.

सह्यकडा

वेबवर, होय. त्याबद्दल वाद नाही.

बांधावरून

माझा विषय थोडा वेगळा आहे, पण गाठ तीच वाटते. मी शेतांच्या हद्दींचे नकाशे केएमएल फाइलमध्ये करतो आणि तेच आता ब्राउझरमधल्या नकाशावर दाखवायचे आहेत. केएमएलमध्येही रंग आठ अंकीच असतो. मी हद्दीची रेघ `ff0000ff` अशी लिहितो आणि ती लाल दिसते. पुढे फक्त `#` लावून तोच रंग सीएसएसमध्ये दिला, तरीही लालच दिसली. म्हणून केएमएलचा क्रम सीएसएससारखाच आहे असे धरून मी चाललो होतो. पण पाटाच्या निळ्या रेघा वेबवर उमटतच नाहीत आणि पायवाटेचा पिवळा जांभळट होतो.

सह्यकडा

तुमच्या लाल रंगाने तुम्हाला फसवले आहे. केएमएलचा क्रम `aabbggrr` असा आहे, म्हणजे अल्फा, मग निळा, हिरवा आणि शेवटी लाल. सीएसएसच्या बरोबर उलटा. `ff0000ff` च्या जोड्या उलट्या क्रमाने वाचल्या तरी त्याच राहतात, त्यामुळे हा एक रंग दोन्हीकडे लालच येतो.

पिवळा केएमएलमध्ये `ff00ffff` असा लिहिला जातो. सीएसएस त्यात पूर्ण लाल, शून्य हिरवा, पूर्ण निळा आणि पूर्ण अल्फा पाहते, म्हणजे मॅजेंटा. निळा केएमएलमध्ये `ffff0000` आहे. सीएसएसच्या वाचनात तो पिवळा असून अल्फा `00` आहे, म्हणून तुमचा पाट नकाशावरून नाहीसा होतो. येथे एक जोडी सरकवून भागणार नाही, चारही जोड्यांचा क्रम उलटा करावा लागेल.

केतकीताई, यातून तुमच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. चाचणीसाठी लाल, निळा, पांढरा किंवा काळा असे रंग घेऊ नका. `#11223344` सारखा, चारही जोड्या वेगळ्या असलेला रंग घ्या. तो डोळ्यांना काही सुंदर दिसत नाही, पण कोणती जोडी कोठे गेली हे लगेच सांगतो.

उपशीर्षक

येथे आणखी एक भर घालतो, विषयांतर वाटल्यास दुर्लक्ष करावे. चित्रपटांच्या सबटायटलांसाठी वापरल्या जाणाऱ्या एएसएस फाइलमध्ये रंग `&HAABBGGRR` असा असतो, म्हणजे क्रम केएमएलसारखाच, पण अल्फाचा अर्थ उलटा असतो. तेथे `00` म्हणजे पूर्ण अपारदर्शक आणि `FF` म्हणजे पूर्ण पारदर्शक. क्रम अचूक लावूनही अक्षरे दिसत नसतील, तर अल्फा 255 मधून वजा करून पाहावा.

बांधावरून

क्रम उलटा केल्यावर पाट दिसू लागला. आभारी आहे.

केतकी_व

सह्यकडा, आपल्या स्पष्टीकरणाप्रमाणे सगळी लक्षणे जुळली. रूपांतर मी वेबच्या कोडमध्ये, लांबी तपासून, केले आणि वर दिलेले पाचही रंग आता बरोबर आहेत. पण एक कोडे उरले आहे. अ‍ॅपमध्ये एक माहितीपान आहे, ते वेबव्ह्यूमध्ये उघडते आणि त्याच्या सीएसएसमध्ये हेच आठ अंकी रंग जसेच्या तसे लिहिलेले आहेत. अ‍ॅपच्या जुन्या आवृत्तीत ते पान व्यवस्थित निळे दिसत असे. मधल्या काळात आम्ही टार्गेट एसडीके वाढवले आणि त्यानंतर पानावर गुलाबी रंग आला. पानाची फाइल कोणीही बदललेली नाही. सीएसएसचा क्रम पूर्वीपासून असाच असेल, तर जुन्या आवृत्तीत निळे कसे दिसत होते?

जुना_संगणकी

जुना वेबव्ह्यू अँड्रॉइडचा क्रम समजत असणार, दुसरे काय?

सह्यकडा

तसे भासते खरे, पण तो अँड्रॉइडचा क्रमही समजत नव्हता. सीएसएसमध्ये चार आणि आठ अंकी रंग आले ते रंगांच्या चौथ्या स्तराच्या मसुद्यातून. क्रोममध्ये ते सुरू झाले तेव्हा वेबव्ह्यूमध्ये मात्र मुद्दाम बंद ठेवले गेले, कारण अनेक अ‍ॅप्सच्या पानांत अँड्रॉइडच्या क्रमाचे रंग लिहिलेले आढळले होते आणि नवे वाचन लागू केल्यास ती पाने बिघडली असती. अँड्रॉइड 9 पासून, म्हणजे 2018 पासून, नियम असा आहे की अ‍ॅपने एपीआय 28 किंवा त्यापुढची पातळी लक्ष्य केली असेल तर सीएसएसचे वाचन लागू होते. 27 किंवा त्याखाली असेल तर जुने वागणे चालू राहते.

जुन्या वागण्यात आठ अंकांतली पहिली जोडी सरळ दुर्लक्षिली जाते. अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजात `#80ff8080` हे उदाहरण दिले आहे. जुन्या पातळीवर तो अपारदर्शक फिकट लाल, म्हणजे `#ff8080`, दिसतो आणि 28 पासून पुढे तोच अर्धपारदर्शक फिकट हिरवा होतो.

तुमच्या `#FF336699` मधली पहिली जोडी गाळली की `#336699` उरतो. तो रंग मुळात अपारदर्शकच हवा होता, म्हणून पान बरोबर दिसत होते. हा तर्क पडताळायचा असेल तर जुन्या आवृत्तीतल्या त्या पानावर रेघा कशा होत्या ते आठवा. `#1F000000` मधली पहिली जोडी गेली की ठार काळा रंग उरतो.

केतकी_व

होय, त्या पानावरच्या रेघा गडद काळ्या होत्या. अ‍ॅपमधल्या इतर रेघांशी त्या जुळत नाहीत अशी एका वाचकाने तक्रारही केली होती आणि आम्ही ती छपाईसारखी शैली म्हणून सोडून दिली होती.

आता मूळ फाइलबद्दल. वेबवरच्या नव्या प्रशासन पानातून एका सहकाऱ्याने दरम्यान काही रंग जोडले आहेत. ते पान ब्राउझरमधल्या रंगपेटीतून सीएसएसच्या क्रमाने जतन करते. म्हणजे एकाच फाइलमध्ये आता दोन्ही क्रमांचे रंग आहेत. केवळ आकडे पाहून ते वेगळे करता येतील का?

सह्यकडा

खात्रीने, नाही. अंदाजाने, बऱ्याच प्रमाणात. बहुतेक रंग अपारदर्शक असतात, म्हणून पहिली जोडी `FF` आणि शेवटची दुसरी काही असेल तर तो बहुधा अँड्रॉइडचा, आणि शेवटची `FF` व पहिली दुसरी असेल तर बहुधा सीएसएसचा. मात्र तुमचा पांढरा पडदा `#80FFFFFF` याच कसोटीवर सीएसएसचा ठरेल, हे ध्यानात ठेवा. अर्धपारदर्शक पांढरे आणि काळे रंग हाताने तपासावेत.

दोन्ही टोकांना `FF` असेल तर अंदाजही करता येत नाही. `#FFCC00FF` हा सीएसएसमध्ये हळदीसारखा पिवळा आहे आणि अँड्रॉइडमध्ये `CC00FF` म्हणजे जांभळा. दोन्ही अपारदर्शक, दोन्ही एखाद्या विभागाला शोभणारे. अशा नोंदींसाठी ती कोणत्या पानातून आणि केव्हा जतन झाली हीच माहिती उपयोगी पडते. ती साठवलेली नसेल तर ज्याने रंग निवडला त्याला विचारावे लागेल.

यापुढे मात्र फाइलमध्ये एकच क्रम ठेवा, त्याचे नाव फाइलमध्येच लिहा आणि रूपांतर एकाच जागी करा. मी स्वतः सहा अंकी रंग आणि अल्फा हे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवतो, म्हणजे क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही.

जुना_संगणकी

वेगळे रकाने म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन मूल्यांची जुळवाजुळव आली, आणि एखाद्या ठिकाणी अल्फा वाचायचा राहिला तर पडदा पुन्हा अपारदर्शक होणार. सगळे सीएसएसच्या क्रमाने साठवावे आणि अ‍ॅपने आपल्यापुरते बदलून घ्यावे. यादी वेबवरून संपादित होते, तर तोच क्रम सोयीचा आहे.

केतकी_व

तूर्त जुना_संगणकी यांचा मार्ग धरला आहे, कारण संपादन आता वेबवरूनच होणार आहे. त्यासाठी अ‍ॅपमध्ये सहकाऱ्याने हा कोड लिहिला:

```kotlin
val rgba = hex.drop(1).toLong(16).toInt()
val argb = (rgba shr 8) or (rgba shl 24)
```

आठ अंकी रंगच येथपर्यंत येतात, ते आधी तपासले आहे. निळे अर्धपारदर्शक रंग बरोबर येतात, पण `#FF336680` हा अर्धपारदर्शक गुलाबी पूर्ण अपारदर्शक दिसतो.

सह्यकडा

येथे क्रम बरोबर आहे, चूक सरकवण्यात आहे. कॉटलिनमधला `shr` चिन्ह राखून सरकवतो. लाल जोडी `80` किंवा त्याहून मोठी असली की ती संख्या ऋण ठरते आणि उजवीकडे सरकताना डावीकडच्या रिकाम्या जागेत एक भरले जातात. `FF336680` आठ बिटांनी सरकवल्यावर `FFFF3366` होतो. त्यात `80000000` मिसळला तरी वरची जोडी आधीच `FF` असल्यामुळे काही फरक पडत नाही आणि अल्फा हरवतो. `33669980` मध्ये लाल लहान आहे, तेथे शून्ये भरली जातात आणि `80336699` असे अचूक उत्तर येते. म्हणूनच निळे चालतात आणि गुलाबी बिघडतो.

`shr` ऐवजी `ushr` लिहा, किंवा थेट `rgba.rotateRight(8)` वापरा. जावास्क्रिप्टमध्ये कोणी हेच अंकगणिताने करत असेल तर तेथेही `>>` आणि `>>>` मध्ये हाच फरक आहे.

प्रज्ञेश_नवखा

म्हणजे वर सुचवलेला `#11223344` चाचणीला घेतला असता, तरी ही चूक सापडली नसती ना? त्यात लाल जोडी `11` आहे.

सह्यकडा

बरोबर पकडलेत, सापडली नसती. जोडीला `#C1223344` हाही घ्यावा. त्याचे उत्तर `44C12233` यायला हवे. `shr` ने `FFC12233` येते.

केतकी_व

`ushr` ने गुलाबी सुधारला आणि दोन्ही रंग चाचणीत घातले आहेत. फाइलमधल्या बहुतेक नोंदी जतन केल्याच्या तारखेवरून वेगळ्या करता आल्या. दोन्ही टोकांना `FF` असलेल्या काही नोंदी दोन्ही पानांतून संपादित झालेल्या आहेत, त्या अजून अनिश्चित आहेत. त्यांची दोन्ही वाचने शेजारी शेजारी दाखवणारे एक पान करून सहकाऱ्याकडे निवडीसाठी पाठवले आहे. बालसाहित्याचा विभाग पिवळा की जांभळा, यावर त्यांच्याकडेच दोन मते आहेत असे दिसते.